पत्रक दोन भाषांचे, माहिती एकच

खरिपाच्या तोंडावर गावच्या चावडीवर सोयाबीनच्या पेरणीचे एक पत्रक लावले आहे, अशी कल्पना करू. पत्रकाच्या डाव्या अंगास मराठी व उजव्या अंगास इंग्रजी मजकूर आहे. वडील मराठी बाजू वाचतात. तेथे ‘एकरी ३० किलो बियाणे पेरावे’ असे लिहिले आहे. शेजारी उभा असलेला त्यांचा महाविद्यालयात शिकणारा मुलगा इंग्रजी बाजू वाचतो; तेथे ‘७५ किलो’ असे आहे. वास्तविक हा आकडा हेक्टरी मापाचा असून तो बरोबरच आहे. परंतु ओळ लांब झाली म्हणून जुळणी करणाराने ‘हेक्टरी’ हा शब्द गाळला. आता मुलाचे ऐकून वडिलांनी एकरात ७५ किलो बियाणे टाकले, तर बियाण्याचा खर्च अडीचपट होईल. शिवाय रोपांची दाटी होऊन झाडे उंच व किडकिडीत वाढतील, लोळतील आणि शेंगा कमी धरतील. पत्रकात खोटे असे एकही अक्षर नव्हते. तरीही दोन बाजूंनी दोन निरनिराळे सल्ले दिले.

इंग्रजी बाजू केवळ शोभेसाठी असते, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. कृषी सेवा केंद्रातील विक्रेता, परप्रांतातून आलेला बँकेचा अधिकारी व शेतकऱ्याची शिकलेली मुले ही बाजू वाचतात आणि तिच्या आधारे शेतकऱ्यास सांगतात. म्हणून दोन्ही बाजूंतील माहिती तंतोतंत एक असली पाहिजे आणि तरीही ती एका पानात बसली पाहिजे. हे कसे साधावे, याचा विचार सोयाबीनच्याच पत्रकाच्या आधारे येथे केला आहे.

आधी तक्ता, मग मजकूर

बहुधा असे होते की, प्रथम मराठी मजकूर लिहिला जातो, नंतर कोणीतरी त्याचे इंग्रजी करतो आणि शेवटी जागेच्या सोयीने दोहोंत काटछाट होते. या पद्धतीत मराठीत राहून गेलेली संदिग्धता इंग्रजीत उतरते व इंग्रजी करताना झालेली चूक कोणाच्याही लक्षात येत नाही. याहून बरी रीत अशी की, कोणत्याही भाषेत वाक्ये लिहिण्यापूर्वी केवळ माहितीचा तक्ता करावा. प्रत्येक माहितीस क्रमांक द्यावा आणि दोन्ही भाषांतील मजकूर त्या तक्त्यावरूनच तयार करावा. एक भाषा मूळ व दुसरी तिची नक्कल, असे मानू नये. मूळ म्हणजे तक्ता.

घरचे सोयाबीन बियाणे म्हणून वापरणाऱ्या शेतकऱ्यासाठी पत्रक काढावयाचे असल्यास तक्ता पुढीलप्रमाणे होईल.

१. प्रत्येकी १०० दाण्यांचे तीन नमुने ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत.
२. आठ दिवस पूर्ण झाल्यावर उगवलेले दाणे मोजावेत व तिन्ही नमुन्यांची सरासरी काढावी.
३. सरासरी ७० किंवा त्याहून अधिक असल्यास बियाणे एकरी ३० किलो, म्हणजे हेक्टरी ७५ किलो.
४. सरासरी ६० ते ६९ असल्यास ७० ला जितके कमी, तितक्या दर एकास एकरी अर्धा किलो, म्हणजे हेक्टरी सव्वा किलो बियाणे अधिक.
५. सरासरी ६० हून कमी असल्यास ते बियाणे पेरू नये.
६. बियाण्यास बुरशीनाशक आधी लावावे. रायझोबियम जिवाणू संवर्धकाची भुकटी नंतर, दर किलो बियाण्यास २५ ग्रॅम.
७. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होण्यापूर्वी पेरणी करू नये.
८. बी ५ सेंटिमीटरहून खोल पडू देऊ नये.

बुरशीनाशकाचे नाव व त्याची मात्रा त्या त्या हंगामाच्या शिफारशीप्रमाणे सहाव्या क्रमांकात भरावी. तक्ता पुरा झाला की विषयाच्या जाणकाराने प्रथम तोच तपासून त्यावर सही करावी. पुढे मजकुरात काही बदलावेसे वाटले, तर आधी तक्त्यात बदल करावा व मग दोन्ही भाषांत. एका भाषेत परस्पर केलेली दुरुस्ती हीच पुष्कळदा विसंगतीचे मूळ असते.

मापे एकदाच बदलावीत

सातबाराच्या उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर यांत लिहिलेले असते. बोलण्यात मात्र एकर व गुंठेच असतात. त्यामुळे मराठी बाजूस एकर व इंग्रजी बाजूस हेक्टर घालण्याचा मोह होतो. तो टाळून दोन्ही बाजूंस दोन्ही मापे द्यावीत, ‘एकरी ३० किलो, हेक्टरी ७५ किलो’ अशी. यास फार तर दोन शब्द अधिक लागतात. परंतु तेवढ्याने आरंभी सांगितलेल्या घोटाळ्याची वाट बंद होते.

मापांचे रूपांतर तक्त्यातच व्हावे, मजकुरात नव्हे. एक हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर. ७५ ला २.४७ ने भागले असता ३०.३६ येतात आणि व्यवहारासाठी आपण ३० धरतो. आता इंग्रजी लिहिणाराने मराठीतील ३० घेऊन त्यास पुन्हा २.४७ ने गुणले, तर ७४.१ येतील आणि तो प्रामाणिकपणे ७४ लिहील. मूळ आकडा ७५ असताना पत्रकावर ७४ उमटेल. फरक लहान आहे, पण वाचणारास कोणता आकडा खरा हे कळत नाही आणि मग त्याचा दोहोंवरचाही विश्वास उडतो.

मराठीतील संख्यावाचक शब्दांकडेही लक्ष द्यावे. सव्वा, दीड, अडीच हे शब्द शेतकऱ्यास आकड्यांहून जवळचे वाटतात व ते ठेवावेतच. परंतु इंग्रजी करणारा नवखा असल्यास ‘सव्वाशे’ म्हणजे १२५ व ‘दीडशे’ म्हणजे १५० हे त्यास माहीत नसते. म्हणून तक्त्यात नेहमी आकडा लिहावा; मराठी मजकुरात मग तो खुशाल शब्दाने सांगावा. ‘१.२५’ यातील बिंदू हलक्या छपाईत पुसट होऊन ‘१२५’ असे वाचले जाण्याचा धोका असतो. त्या ठिकाणी ‘सव्वा’ हा शब्द अधिक भरवशाचा ठरतो.

सीमा, जोर आणि नकार

तक्त्यातील तिसरी, चौथी व पाचवी माहिती पुन्हा पाहावी. सरासरी बरोबर ६० आली तर काय करावयाचे? ‘किंवा त्याहून अधिक’, ‘६० ते ६९’, ‘६० हून कमी’ असे शब्द मुद्दाम योजले असल्यामुळे त्यास निश्चित उत्तर मिळते: बियाणे वापरता येते, पण एकरी ५ किलो अधिक, म्हणजे ३५ किलो लागते. आता इंग्रजी लिहिणाराने ‘अबव्ह सिक्स्टी’ असे लिहिले, तर ६० हा आकडा वगळला जातो. मराठी वाचणारा बियाणे पेरील आणि इंग्रजी वाचणारा तेच बियाणे टाकून देईल. जेथे जेथे ‘पर्यंत’, ‘आत’, ‘वर’, ‘खाली’ असे शब्द येतात, तेथे सीमेवरचा आकडा आत धरला की बाहेर, हे दोन्ही भाषांत विचारून पाहावे. दिवसांच्या बाबतीतही असेच होते. ‘आठव्या दिवशी’ म्हटले असता काही जण गोणपाट गुंडाळल्याचा दिवस धरतात, काही धरीत नाहीत. ‘आठ दिवस पूर्ण झाल्यावर’ असे म्हटले म्हणजे संशय राहत नाही.

सल्ल्याचा जोरही माहितीचाच भाग आहे. ‘करू नये’ हा स्पष्ट निषेध आहे. इंग्रजीत त्याऐवजी ‘अव्हॉइड’ घातले तर त्याचा अर्थ ‘शक्यतो टाळावे’ इतका सौम्य होतो. पुरेसा पाऊस होण्यापूर्वी पेरणी करू नये, हा सल्ला सौम्य नाही. कारण वरवरच्या ओलीत बी फुगते आणि पुढे पावसाने ताण दिला की जागीच मरते. मग दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. म्हणून तक्त्यात प्रत्येक माहितीपुढे ती आज्ञा आहे, सूचना आहे की निषेध आहे, हे लिहून ठेवावे व दोन्ही भाषांत त्या त्या जोराचे एकच ठरावीक शब्द सर्वत्र वापरावेत.

नकाराच्या बाबतीत मराठीस एक विशेष जपणूक लागते. इंग्रजीत निषेधाचे शब्द वाक्याच्या आरंभी येतात. मराठीत ते शेवटी येतात. ‘७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होण्यापूर्वी पेरणी करू नये’ या वाक्यातील ‘नये’ हा शब्द बहुधा ओळीच्या टोकास किंवा पुढच्या ओळीत एकटा पडतो. चौकट लहान पडून शेवटची ओळ झाकली गेली, तर उरलेले वाक्य नेमका उलटा सल्ला देते आणि तो वाचावयास अपुरादेखील वाटत नाही. यास उपाय दोन. एक, निषेधाची वाक्ये इतकी आखूड करावीत की ती एका, फार तर दोन ओळींत संपतील. दुसरा, शक्य तेथे तीच माहिती होकारार्थी सांगावी: ‘७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरणी करावी.’ मात्र असे केल्यास इंग्रजीतही वाक्य होकारार्थीच करावे, म्हणजे ताळा घेणे सोपे जाते.

क्रमाचेही तसेच आहे. ‘बुरशीनाशक लावून मग जिवाणू संवर्धक लावावे’ यात क्रम उघड आहे. इंग्रजीत नंतरची क्रिया वाक्यात आधी येऊ शकते व घाईत वाचणारा तीच प्रथम करतो. दोन्ही भाषांत वाक्यांचा क्रम कामाच्या क्रमाप्रमाणेच ठेवावा.

जागेचा हिशेब

आता पानाकडे वळू. नेहमीच्या ए-४ आकाराच्या कागदाची रुंदी २१० व उंची २९७ मिलिमीटर असते. चोहोबाजूंस १२ मिलिमीटर समास व मध्ये ६ मिलिमीटर मोकळी पट्टी सोडली, तर दोन स्तंभांस मिळून १८० मिलिमीटर रुंदी उरते. उंचीपैकी शीर्षक व तळाचा पत्ता वगळता मजकुरास सुमारे २२० मिलिमीटर मिळतात.

देवनागरी अक्षरांस वरती वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार असतात आणि खाली उकार व जोडाक्षरांचे पाय. म्हणून दोन ओळींत अंतर अधिक लागते. मराठी १२ पॉइंट अक्षरांस दर ओळीला १८ पॉइंट दिले, तर एक ओळ ६.३५ मिलिमीटर घेते आणि २२० मिलिमीटरमध्ये ३४ ओळी बसतात. इंग्रजी ११ पॉइंट अक्षरांस १४ पॉइंटांची ओळ पुरते. तितक्याच उंचीत तिच्या ४४ ओळी बसतात. म्हणजे जागा सारखी दिसली तरी मराठीस दहा ओळी कमी मिळतात.

येथेच विसंगती शिरते, आणि तीही दोन वाटांनी. मराठी मजकूर मावत नाही म्हणून त्यातील एखादी माहिती गाळली जाते. उलट इंग्रजी बाजूस जागा रिकामी दिसते म्हणून तेथे कोणी एखादी जादा सूचना भरतो. दोन्ही गोष्टी वर्ज्य मानाव्यात. एखादी माहिती काढावयाची असेल तर ती तक्त्यातून काढावी, म्हणजे ती दोन्ही बाजूंनी जाईल. रिकामी जागा रिकामीच ठेवावी.

यावर पहिला उपाय असा की, स्तंभ समान ठेवण्याचा आग्रह धरू नये. १८० मिलिमीटरपैकी मराठीस १०० व इंग्रजीस ८० द्यावे. दुसरा उपाय म्हणजे पानाचे आडवे आठ पट्टे पाडावेत व तक्त्यातील एकेक माहिती एकेका पट्ट्यात डावी-उजवीकडे समोरासमोर मांडावी. पट्ट्याची उंची दोहोंतील लांब मजकुरावरून, म्हणजे बहुधा मराठीवरून ठरते. असे केले असता एखादी माहिती एका बाजूस राहून गेली, तर तेथे रिकामा चौकोन दिसतो व चूक आपोआप डोळ्यांत भरते.

तिसरा उपाय शब्दांच्या काटकसरीचा आहे. माहितीस हात न लावता वाक्य आखूड कसे होते, ते पाहू. पहिल्या मसुद्यात सहाव्या माहितीचा उत्तरार्ध असा होता: ‘त्यानंतर बियाण्यास रायझोबियम या जिवाणू संवर्धकाच्या भुकटीची प्रक्रिया करणे अत्यंत आवश्यक असून याकरिता प्रति दहा किलो बियाण्यास दोनशे पन्नास ग्रॅम या प्रमाणात संवर्धकाचा वापर करण्यात यावा.’ त्याऐवजी ‘नंतर दर किलो बियाण्यास २५ ग्रॅम रायझोबियम भुकटी चोळावी’ असे लिहिले. चार ओळींचे काम दोन ओळींत झाले. पदार्थ, त्याचे रूप, मात्रा, क्रम व कृती या पाचही गोष्टी जागेवर आहेत. गेले ते केवळ ‘करण्यात यावा’ व ‘अत्यंत आवश्यक असून’. ‘भुकटी’ हा शब्द मात्र जागेसाठी कापू नये. कारण संवर्धक द्रवरूपातही मिळते व त्याची मात्रा निराळी असते.

अक्षरांचा आकार १२ पॉइंटांखाली नेणे किंवा ओळींतील अंतर दाबणे हा उपाय नव्हे. ओळी दाबल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीस भिडतो आणि मावळत्या उजेडात वाचणारास आकडाही ओळखू येत नाही.

छापण्यापूर्वीचा ताळा

मजकूर पानात बसल्यावर ताळा घ्यावा, आधी नव्हे. कारण पुष्कळशा चुका जागा जुळविताना होतात. संगणकावरील मजकुरावर न विसंबता कागदावर काढलेले प्रूफ हाती घ्यावे आणि दोघांनी समोरासमोर बसावे. एकाने केवळ इंग्रजी बाजू पाहून प्रत्येक क्रमांकाची माहिती मराठीत तोंडी सांगावी. दुसऱ्याने मराठी प्रूफ न पाहता तक्त्यावर खूण करीत जावे. आकडा, माप, सीमा, जोर व क्रम या पाचही गोष्टी जुळल्या तरच खूण करावी. मग मराठी बाजूचाही ताळा तसाच घ्यावा. दोन्ही मजकूर एकमेकांशी ताडून पाहण्यापेक्षा प्रत्येक मजकूर तक्त्याशी ताडणे अधिक फलदायी असते. कारण एकच चूक दोहोंत असेल तर ती आपसांतील तुलनेत सापडत नाही.

आकडे शेवटी एकदा वेगळे वाचावेत. मराठी ४ हा इंग्रजी आठासारखा व मराठी १ हा इंग्रजी नवासारखा दिसतो, त्यामुळे एका बाजूचा आकडा दुसऱ्या बाजूस उतरविताना फसगत होते. मराठी बाजूस मराठी आकडे व इंग्रजी बाजूस इंग्रजी आकडे ठेवावेत; एकाच बाजूस दोहोंची सरमिसळ करू नये.

संगणकाच्या छपाईत आणखी एक दोष आढळतो. मजकूर एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेताना अक्षरांचा साचा बदलला, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन पडते व जोडाक्षरे सुटी होऊन त्यांत पायमोडकी अक्षरे दिसू लागतात. हा दोष ओळखण्यासाठी सारे पान वाचावे लागत नाही. ‘किलो’, ‘मिलिमीटर’ व ‘प्रक्रिया’ हे तीन शब्द शोधून पाहावेत. ते नीट असतील तर साचा बहुधा शाबूत आहे. मजकूर युनिकोडमध्ये लिहिला व छापखान्यास अक्षरसाच्यांसह बांधलेली पीडीएफ प्रत दिली, म्हणजे हा दोष सहसा उद्भवत नाही.

अखेरीस ते प्रूफ घेऊन एखाद्या शेतकऱ्याकडे जावे व त्यास एकच उदाहरण घालावे: ‘तीन नमुन्यांत ६६, ७० व ६८ दाणे उगवले, दोन एकरांस किती बियाणे घ्याल?’ सरासरी ६८ येते. ७० ला दोन कमी, म्हणून एकरी ३० वर एक किलो अधिक, आणि दोन एकरांस ६२ किलो. हाच प्रश्न इंग्रजी बाजू वाचणाऱ्या मुलासही वेगळा विचारावा. दोघांचेही उत्तर ६२ किलो आले, म्हणजे पत्रक छापावयास द्यावे. उत्तरे निराळी आली, तर शेतकऱ्याची किंवा मुलाची चूक न मानता तिसऱ्या व चौथ्या पट्ट्यांतील मजकूर पुन्हा तक्त्याशी ताडावा.